शून्य रेखांश ग्रीनिचमधूनच का, आणि एकच रेषा कशाला लागते

प्रश्न: शाळेत फक्त "शून्य रेखावृत्त ग्रीनिचमधून जातं" एवढंच शिकवलं. पण ग्रीनिचच का? हे कुणी आणि कसं ठरवलं? आणि प्रत्येक देशाने आपापली रेषा वापरली असती तर बिघडलं काय असतं?

मी गेली सत्तावीस वर्षं सर्वेक्षण आणि नकाशांच्या कामात आहे, त्यातली शेवटची बरीचशी जुने नकाशे कॉम्प्युटरवर बसवण्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामातला आहे. जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अक्षांशाला शून्य निसर्गानेच दिलंय. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याची दोन टोकं म्हणजे ध्रुव आणि त्यांच्या बरोब्बर मध्ये विषुववृत्त, त्यामुळे ध्रुवताऱ्याची उंची मोजली की आपला अक्षांश ढोबळमानाने कळतो, कुणाला विचारायची गरज नाही. रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी गोल फिरतेय, सगळी रेखावृत्तं सारखीच, एकाही रेषेत असं काही नाही की तिला "ही पहिली" म्हणावं. म्हणजे शून्य कुठलं हे माणसांनाच बसून ठरवावं लागतं, आणि ठरवलं नाही तर "माझा रेखांश अमुक" या वाक्याला अर्थच राहत नाही.

दुसरी गोष्ट, रेखांश म्हणजे खरं तर वेळेतला फरक. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. समजा मुंबईच्या जवळ समुद्रात एक जहाज आहे, त्याच्यावरच्या क्रोनोमीटरमध्ये ग्रीनिचची वेळ लावलेली आहे. जहाजावर बरोब्बर दुपारचे बारा झाले तेव्हा ते घड्याळ सकाळचे ७ वाजून ९ मिनिटं दाखवतंय (सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे असतो, ती दुरुस्ती केली आहे असं धरा). फरक ४ तास ५१ मिनिटांचा. गुणिले १५, आलं ७२ अंश ४५ कला पूर्व. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग आणि विकला म्हणजे कलेचा साठावा भाग, पंचांगवाल्यांना हे शब्द माहीत असतातच, घड्याळाच्या मिनिट-सेकंदांशी घोळ होऊ नये म्हणून मी इथे तेच वापरतो. प्रत्यक्षात कोणी नेमक्या बाराला वेध घेऊन रेखांश काढत नाही, कारण माथ्यावर आलेला सूर्य काही मिनिटं जागचा हललेला दिसतच नाही, म्हणून सकाळी किंवा दुपारनंतर सूर्य भराभर चढत-उतरत असताना उंची घेतात आणि गणिताने स्थानिक वेळ काढतात. पण तत्त्व तेच, इथली वेळ वजा तिथली वेळ.

आता तेच जहाज, तोच क्षण, पण घड्याळ पॅरिसच्या वेळेवर लावलेलं आहे. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० कला १४ विकला, म्हणजे घड्याळ ९ मिनिटं २१ सेकंद पुढे, ते ७ वाजून १८ मिनिटं २१ सेकंद दाखवेल. उत्तर येईल साधारण ७० अंश २५ कला. हे उत्तर चूक नाही, पॅरिसपासून मोजलं तर अगदी बरोबर आहे. पण हाच आकडा घेऊन तुम्ही ग्रीनिचवर काढलेल्या चार्टवर पेन्सिलीने टिंब ठेवलं, तर ते टिंब खऱ्या जागेपासून पश्चिमेला जवळजवळ २४५ किलोमीटर पडतं. मुंबईसमोर उभं असलेलं जहाज कागदावर भर अरबी समुद्रात. अशी गफलत जिवावर बेतू शकते, कारण तुम्ही कागदावर आहात त्यापेक्षा प्रत्यक्षात किनाऱ्याच्या कितीतरी जवळ असता आणि रात्रीच्या वेळी ते कळायला दुसरं काही साधन नसतं. एकच रेषा का लागते याचं सगळ्यात सरळ उत्तर हे आहे.

बरं, आपापली शून्य रेषा ठेवणं हे काही मूर्खपणाचं नव्हतं, सगळेच तसं करत होते आणि आपणही. सूर्यसिद्धांतात मध्यरेषा दिलीय ती लंका, अवंती म्हणजे उज्जैन, आणि कुरुक्षेत्र यांच्यातून. यातली लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे, तो उज्जैनच्या रेषेवर विषुववृत्तावर मानलेला एक बिंदू आहे. ग्रहगणित त्या रेषेवरच्या मध्यरात्रीसाठी करायचं आणि मग आपल्या गावासाठी देशांतर संस्कार द्यायचा. पुणं उज्जैनच्या पश्चिमेला १ अंश ५५ कला, म्हणजे ७ मिनिटं ४० सेकंदांचा फरक, तेवढा हिशेबात धरायचा. पद्धत तंतोतंत तीच, फक्त शून्य वेगळं. आणि त्या काळी हे पुरेसं होतं कारण उज्जैनवर गणित करणाऱ्याला पॅरिसवर गणित करणाऱ्याशी आकडे ताडून बघायची वेळच येत नव्हती.

युरोपात टॉलेमीपासून पश्चिमेचं शेवटचं टोक म्हणून कॅनरी बेटं धरायची सवय होती, कारण तिथून मोजलं की त्यांना ठाऊक असलेली सगळी जमीन पूर्वेलाच येते आणि सगळे आकडे एकाच दिशेचे राहतात. १६३४ मध्ये फ्रान्सच्या तेराव्या लुईने त्यातल्या फेरो बेटावरून शून्य धरायचा हुकूम काढला. आता फेरोची गंमत अशी आहे की तिथे वेधशाळा नव्हती, ते पॅरिसपासून नेमकं किती दूर हे पक्कं माहीत नव्हतं, म्हणून शेवटी सोयीसाठी ठरवलं की फेरो म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेला बरोब्बर २० अंश. नंतर मोजमापं सुधारली आणि दिसलं की ही "फेरोची रेषा" फेरो बेटावरून जातच नाही, बेटाच्या पूर्वेला समुद्रातून जाते. म्हणजे नाव फेरोचं आणि रेषा पॅरिसचीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, शून्य रेषा ठरवायला १८८४ मध्ये वॉशिंग्टनला जी परिषद भरली तिथे नेमका हाच मुद्दा निर्णायक ठरला असं माझं मत आहे.

आता ग्रीनिच पुढे कसं गेलं. लोक म्हणतात ब्रिटिशांचं साम्राज्य होतं म्हणून, ते अर्धंच खरं आहे. माझ्या मते खरं कारण एक पुस्तक आहे. १७६७ सालासाठी नेव्हिल मॅस्केलिन या ग्रीनिच वेधशाळेच्या मुख्य ज्योतिषाने नॉटिकल अल्मनॅक काढायला सुरुवात केली. क्रोनोमीटर तेव्हा इतके महाग की बहुतेक जहाजांवर नसायचेच, त्यामुळे खलाशी चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं कोनीय अंतर मोजून वेळ काढायचे, म्हणजे चंद्रालाच आकाशातल्या घड्याळाचा काटा समजायचे. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश सरकतो. अल्मनॅकमध्ये प्रत्येक दिवसाला दर तीन तासांनी चंद्राचं ठरावीक ताऱ्यांपासूनचं अंतर छापलेलं असायचं, आणि ते अर्थातच ग्रीनिचच्या वेळेसाठी. खलाशाने अंतर मोजलं, तक्त्यात शोधलं, ग्रीनिचची वेळ मिळाली, स्वतःची वेळ वजा केली की रेखांश. आणि तो रेखांश ग्रीनिचपासूनचाच येणार, कारण पुस्तकच त्याच्यावर गणलेलं. कुणी सक्ती केली नव्हती, पण हे गणित इतकं किचकट आणि वेळखाऊ होतं की दुसऱ्या देशांना ते स्वतःच्या रेषेसाठी परत करण्यापेक्षा हेच वापरणं परवडायचं. खुद्द फ्रेंचांच्या सरकारी पंचांगानेसुद्धा काही वर्षं मॅस्केलिनचे चंद्र-अंतराचे तक्ते जसेच्या तसे घेतले होते. अमेरिकेने १८५० मध्ये ठरवलं की खगोलशास्त्रासाठी वॉशिंग्टन आणि समुद्रावर ग्रीनिच. स्वतंत्र देश, इंग्लंडशी लढून वेगळा झालेला, तरी जहाजांसाठी ग्रीनिच, कारण त्यांच्या नावाड्यांच्या पेटीत तेच पुस्तक आणि तेच चार्ट होते.

म्हणजे ग्रीनिचची निवड परिषदेत झाली असं म्हणण्यापेक्षा ती शंभरेक वर्षं हळूहळू झाली होती आणि परिषदेने तिच्यावर शिक्का मारला असं म्हणणं जास्त बरोबर होईल. मग शिक्का मारायची वेळ नेमकी १८८० च्या आसपासच का आली? कारण तोपर्यंत टेलिग्राफ आणि रेल्वे आल्या. जोपर्यंत बातमी घोड्यावरून जात होती तोपर्यंत दोन गावांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असला तरी कुणाला जाणवत नव्हता. तार आली आणि एक सेकंदाचा फरकसुद्धा मोजता यायला लागला. हवामानवाल्यांना एकाच क्षणी शेकडो ठिकाणची निरीक्षणं हवी होती, भूगणितवाल्यांना, म्हणजे पृथ्वीचा आकार मोजणाऱ्यांना, एका देशाचं त्रिकोणांचं जाळं दुसऱ्याच्या जाळ्याला जोडायचं होतं, रेल्वेवाल्यांना टाइमटेबल. आणि सरहद्दीवर दोन्हीकडचे नकाशे शेजारी ठेवले की रेखांशाच्या रेघाच जुळेनात.

तारेने रेखांश कसा काढायचे ते सांगतो कारण पुढच्या किश्शासाठी ते लागेल. दोन ठिकाणी दोन वेधशाळा, प्रत्येक ठिकाणी रात्री तारे रेखावृत्तावरून जाताना बघून आपापलं घड्याळ स्थानिक वेळेला अचूक लावायचं. मग इकडून तारेवर टिकटिक पाठवायची आणि तिकडच्या घड्याळात ती किती वाजता आली ते टिपायचं. तारेत सिग्नलला थोडा उशीर लागतोच, तो काढण्यासाठी तिकडूनही इकडे पाठवायची आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्यायची, उशीर आपोआप कटतो. दोन्ही निरीक्षकांची नजर आणि हात सारखे नसतात, म्हणून काही रात्रींनंतर माणसांची अदलाबदल करायची. एवढं केलं की रेखांशातला फरक सेकंदाच्या लहानशा अंशापर्यंत येतो.

आता माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे पुण्याच्या बाजूची एकोणिसाव्या शतकातल्या नकाशाची एक शीट आली, स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवायची होती, जुन्या तळ्यांच्या जागा शोधायच्या होत्या. शीटवर रेखांश-अक्षांशाच्या रेघा छापलेल्या, आम्ही चार कोपऱ्यांचे आकडे घातले आणि बसवली. आणि नदीचे संगम, टेकड्यांची शिखरं, सगळंच्या सगळं खऱ्या जागेपासून चार किलोमीटरच्या वर पूर्वेला. टीममधला नवीन मुलगा म्हणाला स्कॅन खेचला गेला असेल. मी त्याला म्हटलं, बाळा, उत्तर-दक्षिण बघ. उत्तर-दक्षिण जवळपास बरोबर होतं. कागद आकसला किंवा स्कॅन खेचला गेला तर चूक दोन्ही दिशांना येते आणि शीटच्या एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त अशी बदलत जाते. इथे चूक फक्त पूर्व-पश्चिम आणि प्रत्येक बिंदूला तेवढीच, १४७ विकलांच्या आसपास. असं दिसलं की समजायचं, नकाशा बरोबर आहे, शून्य सरकलेलं आहे.

झालं होतं असं. भारतातलं सगळं मोठं त्रिकोणमितीय सर्वेक्षण रेखांशासाठी मद्रासच्या वेधशाळेला टांगलेलं होतं. देशातल्या देशात कुठला बिंदू कुठल्या बिंदूपासून किती दूर हे अतिशय अचूक मोजलेलं, पण ते सगळं जाळं जगाला जोडणारा आकडा एकच, मद्रास ग्रीनिचपासून किती पूर्वेला. जुन्या काळी तो आकाशातल्या वेधांवरून काढला होता, ८० अंश १७ कला २१ विकला. पुढे टेलिग्राफने मोजल्यावर तो आला ८० अंश १४ कला ५४ विकला. फरक २ कला २७ विकलांचा. वेळेत बघितलं तर दहा सेकंदसुद्धा नाहीत, आणि जमिनीवर आपल्या पुण्याच्या अक्षांशाला साधारण ४.३ किलोमीटर. म्हणून जुन्या शीटवर कडेला बारीक अक्षरांत टीप असते की हे रेखांश मद्रास वेधशाळेचा अमुक रेखांश धरून दिलेले आहेत. आम्ही ती टीप वाचलीच नव्हती, स्कॅन करणाऱ्याने कडा कापून टाकली होती आणि आम्ही मूळ कागद मागितला नाही, ही आमची चूक. सगळ्या रेखांशांतून १४७ विकला वजा केल्या आणि शीट जागच्या जागी बसली. जुन्या नकाशांवर काम करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, समास कापू नका, त्या शीटचं शून्य कुठे आहे हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं.

यातून अजून एक कळतं की नुसतं "ग्रीनिच शून्य" म्हणून भागत नाही, तुमचं गाव त्या शून्याला कुठल्या साखळीने जोडलंय ते पण लागतं. आणि ती साखळी तारेने, वेधांनी जोडायची तर शून्याच्या जागी खरीखुरी वेधशाळा पाहिजे. आता वॉशिंग्टनला चला.

१८८३ मध्ये रोमला भूगणितवाल्यांची परिषद झाली, तिथे शास्त्रज्ञांनी ग्रीनिचची शिफारस केली आणि सोबत अशी आशाही व्यक्त केली की ब्रिटन त्या बदल्यात मेट्रिक पद्धतीकडे यावा. पण शास्त्रज्ञांची शिफारस सरकारांना बांधील नसते, म्हणून १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या निमंत्रणावरून वॉशिंग्टनला सरकारी प्रतिनिधींची परिषद भरली. २५ देश, ४१ प्रतिनिधी. ब्रिटनकडून आलेल्यांमध्ये नेपच्यूनचं स्थान गणिताने वर्तवणारे जॉन कूच अॅडम्स होते, कॅनडाचे रेल्वे इंजिनिअर सँडफर्ड फ्लेमिंग होते, आणि भारताच्या बाजूने जनरल रिचर्ड स्ट्रॅची. भारताला वेगळं मत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. फ्रान्सकडून ज्यूल जान्सेन, तेच जान्सेन ज्यांनी १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला आपल्याकडे गुंटूरला येऊन वेध घेतले होते.

एकच शून्य रेषा असावी यावर सगळे एकमताने हो म्हणाले. भांडण कुठली यावर. जान्सेन यांचं म्हणणं होतं की रेषा तटस्थ हवी, कुठल्याही मोठ्या देशातून जाऊ नये, युरोप किंवा अमेरिका कापू नये, अझोर्स बेटांजवळून किंवा बेरिंगच्या सामुद्रधुनीतून जावी. फ्रान्सची दुसरी तक्रार अशी की आम्ही मीटर तयार केला तेव्हा स्वतःच्या राजाच्या पावलाचं माप सोडून पृथ्वीवरून माप घेतलं, सगळ्यांसाठी, मग आता आम्हालाच एका देशाच्या राजधानीची रेषा का घ्यायला लावता. मला हा युक्तिवाद मनापासून पटतो, तत्त्व म्हणून त्यात काहीच खोट नाही, आणि तेव्हा फ्रान्स फक्त रुसून बसला होता असं जे लिहिलं जातं ते अन्यायाचं आहे.

पण व्यवहारात तो टिकत नाही आणि त्याचं कारण फेरो. समुद्रातल्या रेषेवर दुर्बीण कुठे ठेवणार? बेटावर ठेवली तरी त्या काळी तिथे पहिल्या दर्जाची वेधशाळा उभी करून जगाशी तारेने जोडायची, आणि तोपर्यंत ती रेषा "ग्रीनिचच्या किंवा पॅरिसच्या पश्चिमेला इतके अंश" अशीच सांगावी लागणार. म्हणजे नाव तटस्थ आणि मोजणी कुठल्यातरी देशाच्याच वेधशाळेपासून. मग सरळ त्या वेधशाळेलाच शून्य का म्हणू नये? विरोधी बाजूच्या लोकांचा भर याच्यावरच होता की रेषा पहिल्या दर्जाच्या, तारेने जोडलेल्या वेधशाळेतूनच जायला हवी. तटस्थ रेषेचा ठराव मताला गेला तेव्हा २१ विरुद्ध ३ ने पडला, बाजूने फक्त फ्रान्स, ब्राझील आणि सान डोमिंगो.

त्यानंतर फ्लेमिंग यांनी आकडे मांडले आणि ते बघण्यासारखे आहेत. जगातली व्यापारी जहाजं तेव्हा ग्रीनिच, पॅरिस, कादिझ, नेपल्स, फेरो, पुल्कोवा, लिस्बन, स्टॉकहोम अशा अकराएक रेषांवर चालत होती. पण टनेजचा हिशेब केला तर ७२ टक्के एकट्या ग्रीनिचवर, पॅरिसवर ८ टक्के, उरलेलं बाकीच्यांत वाटलेलं. म्हणजे ग्रीनिच निवडलं तर सर्वात कमी चार्ट परत छापावे लागणार, सर्वात कमी नावाड्यांना सवय बदलावी लागणार. १३ ऑक्टोबरला मतदान झालं. २२ देश ग्रीनिचच्या बाजूने, सान डोमिंगो विरुद्ध, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ.

ठरावात नेमकं काय लिहिलंय ते महत्त्वाचं. "ग्रीनिच गाव" असं नाही, ग्रीनिचच्या वेधशाळेतल्या ट्रान्झिट यंत्राच्या मध्यातून जाणारं रेखावृत्त असं. म्हणजे तिथले मुख्य ज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८५० मध्ये बसवलेली ती दुर्बीण, जी फक्त उत्तर-दक्षिण पातळीतच वरखाली फिरते. जागा इतकी नेमकी सांगायचं कारण त्याच वेधशाळेत त्याआधीचे ज्योतिषी शेजारच्या खोल्यांत आपापली यंत्रं लावून गेले होते आणि प्रत्येक यंत्राची रेषा वेगळी. ब्रॅडली यांची रेषा एअरींच्या पश्चिमेला सहाएक मीटरवर आहे, आणि ब्रिटनचे स्वतःचे सरकारी नकाशे अजूनही त्या जुन्या रेषेवर आहेत कारण त्यांचं मोजमाप आधी सुरू झालं होतं.

दुसरा ठराव रेखांश दोन्ही बाजूंनी १८० पर्यंत मोजायचे, पूर्व अधिक, पश्चिम उणे. यावर मात्र एकमत नव्हतं, १४ बाजूने, ५ विरुद्ध, ६ तटस्थ, कारण बऱ्याच जणांना एकाच दिशेने ० ते ३६० हवं होतं. आज तुमच्या फोनमध्ये अमेरिकेतल्या जागेच्या रेखांशाला उणे चिन्ह दिसतं ते याच ठरावाप्रमाणे. माझ्याकडे येणाऱ्या डेटामध्ये सगळ्यात जास्त चुका कसल्या तर हे उणे चिन्ह गळालेलं असतं, ब्राझीलमधला बिंदू हिंदी महासागरात जाऊन पडतो. तिसरं म्हणजे जागतिक दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री सुरू होईल. ज्योतिषी तोवर दिवस दुपारी सुरू करायचे, म्हणजे रात्रभराच्या निरीक्षणात तारीख बदलू नये, त्यांनाही मध्यरात्रीवर यायला सांगितलं, पण अल्मनॅकमध्ये तो बदल व्हायला १९२५ उजाडलं.

एक गैरसमज इथेच काढतो. या परिषदेने टाइम झोन ठरवले नाहीत. ठरावात उलट असं स्पष्ट म्हटलंय की जागतिक वेळेमुळे कुठल्याही देशाने स्थानिक वेळ वापरण्यात आडकाठी येणार नाही. झोन नंतर एकेका देशाने आपापल्या सोयीने केले. आपल्याकडेच बघा, ८२.५ अंश पूर्वेची म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईत बॉम्बे टाइम, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, त्यानंतरही कित्येक वर्षं चालू होता. वर जहाजाच्या उदाहरणात ४ तास ५१ मिनिटं आली ती हीच, मुंबईची खरीखुरी स्थानिक वेळ.

फ्रान्सने १९११ पर्यंत ग्रीनिचची वेळ घेतली नाही, आणि घेतली तेव्हा कायद्यात ग्रीनिच हा शब्द न लिहिता लिहिलं की फ्रान्सची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची मध्यम वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली. वर मी पॅरिसचा रेखांश दिलाय त्याला चारने गुणून बघा, तोच आकडा.

शेवटी एक गोष्ट, कारण इंग्लंडला जाऊन आलेले लोक मला हमखास विचारतात. ग्रीनिचला जमिनीत जी धातूची पट्टी आहे तिच्यावर उभं राहून फोन बघितला तर शून्य दिसत नाही, ०.००१५ अंश पश्चिम असं काहीतरी दिसतं, आणि शून्य हवं असेल तर पूर्वेला बागेत १०२ मीटर चालत जावं लागतं. फोन चुकलेला नाही आणि एअरीही चुकलेले नाहीत. एअरींच्या दुर्बिणीला "सरळ वर" म्हणजे काय हे पाऱ्याच्या थाळीवरून कळायचं, पारा स्थानिक गुरुत्वाकर्षणाला काटकोनात सपाट राहतो. पण जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे तिथला ओळंबा पृथ्वीच्या केंद्राच्या हिशेबाने येणाऱ्या दिशेपासून पूर्व-पश्चिम किंचित कललेला आहे, रेखांशात तो फरक साधारण ५.३ विकला येतो. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमान-केंद्राभोवती फिरतात, त्यांचं गणित केंद्रातूनच सुरू होतं. पद्धत बदलताना वेळेत कुठेही खंड पडू द्यायचा नव्हता, म्हणून शून्य रेखावृत्ताच्या पातळीची दिशा तीच ठेवली आणि ती केंद्रातून नेली, त्यामुळे ती जमिनीवर १०२ मीटर पूर्वेला निघाली. त्या जागी आज ना यंत्र आहे ना पट्टी. आता शून्य एका दुर्बिणीत राहिलेलं नाही, जगभरच्या अनेक स्टेशनांचे रेखांश एकत्र जुळवून ते धरून ठेवलं जातं, आणि खंड सरकतात तसे त्या स्टेशनांचे आकडे वेळोवेळी सुधारावे लागतात.

कुणाकडे जुनी शीट असेल आणि ती पूर्व-पश्चिम सरकलेली दिसत असेल तर समासातल्या टिपेचा फोटो टाका, कुठलं शून्य धरलंय ते बघून सांगतो.